टीव्हीवर सोने वीस टक्क्यांनी पडले, गुजरीत बाराच टक्क्यांनी: मधले पाणी कुठे मुरले?

२०२२ च्या नवरात्रात, सप्टेंबरच्या अखेरीस, गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका ओळखीच्या सराफाच्या पेढीवर मी बसलो होतो. बाहेर अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती आणि आत कागलकडच्या एक मावशी लेकीच्या लग्नासाठी कोल्हापुरी साज पाहत होत्या. साजाची पाने बोटांनी चाचपता चाचपता त्यांनी विचारले, "दादा, टीव्हीवर सोनं लई पडलंय म्हणत्यात. शिमग्याच्या आधी होतं त्यातला पाचवा हिस्सा गेला म्हणं. मग तुमच्या फळ्यावर एवढंच कमी कसं?" सराफ म्हणाले, "मावशी, ते डॉलरातलं सोनं. आपलं रुपयातलं." उत्तर अगदी बरोबर होते, आणि मावशींना त्यातून काहीही कळले नाही, हेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

डॉलर वधारला की अशी गोंधळात टाकणारी बातमी दर वेळी येते. म्हणून सराफांचे ते एक वाक्य येथे उलगडून पाहू, आणि उदाहरण म्हणून त्याच सहा महिन्यांचा हिशेब मांडू.

सोन्याचा भाव कशात सांगितला जातो

सोन्याच्या मोठ्या व्यवहारांचा भाव जगभर अमेरिकी डॉलरमध्ये सांगितला जातो, आणि तो एका 'ट्रॉय औंसा'चा असतो. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. लंडनच्या बाजारात कामाच्या दिवशी सकाळी आणि दुपारी असा दोनदा भाव जाहीर होतो, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात तो जवळजवळ दिवसरात्र हलत राहतो, आणि टीव्हीवरच्या पट्टीत "सोने इतक्या डॉलरवर" असे जे दिसते ते हेच.

आपल्याकडे सोन्याच्या खाणी नावापुरत्या आहेत. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली आणि कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीतून निघणारे सोने देशाच्या गरजेपुढे किरकोळ आहे. त्यामुळे गुजरीत विकले जाणारे नवे सोने बहुतेक परदेशातून येते, आणि ते आणणाऱ्याला आधी रुपये देऊन डॉलर घ्यावे लागतात. म्हणजे आपण एका वेळी दोन वस्तू विकत घेत असतो: डॉलर घेण्यासाठी रुपये मोजतो आणि सोने घेण्यासाठी डॉलर मोजतो. फळ्यावर मात्र दोन्हींचा मिळून एकच आकडा लिहिलेला असतो, आणि सारा घोळ तिथून सुरू होतो.

दहा ग्रॅमचा रुपयातला मूळ भाव काढणे सोपे आहे. औंसाच्या डॉलर भावाला एका डॉलरच्या रुपयांनी गुणायचे, ३१.१०३५ ने भागायचे आणि दहाने गुणायचे. त्यावर आयात शुल्क चढवायचे. बिलात पुढे तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ येते, पण ती डॉलरच्या गोष्टीचा भाग नाही, म्हणून ती बाजूला ठेवू. (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज पेढीवर तोळा म्हटले की दहा ग्रॅमच धरतात, आणि येथेही तेच धरले आहे.)

मापटे मोठे झाले की आकडा लहान होतो

खळ्यावर भाताची रास पडली आहे असे समजा. ती पायलीने मोजली तर चाळीस पायल्या भरते. आता कोणी ती पायलीच सव्वापट मोठी करून आणली, तर तीच रास बत्तीस पायल्या भरेल. भात एक दाणाही कमी झालेला नाही. माप मोठे झाले म्हणून मोजणीचा आकडा उतरला. शेजारच्याने त्याच वेळी आपली पायली तासून लहान केली असेल, तर त्याच्या मोजणीत तीच रास वाढलेली दिसेल.

डॉलर हे सोन्याचे जागतिक माप आहे. डॉलर वधारतो म्हणजे एका डॉलरमध्ये पूर्वीपेक्षा जास्त येन, जास्त युरो, जास्त रुपये मिळू लागतात. माप मोठे होते. साहजिकच सोन्याचा डॉलरातला आकडा खाली येण्याकडे कल असतो. यात केवळ मोजणीचा खेळ नाही, खरी देवाणघेवाणही आहे. डॉलर महागला की भारतातल्या, चीनमधल्या किंवा तुर्कस्तानातल्या ग्राहकाला त्याच डॉलर भावाचे सोने आपल्या चलनात महाग पडते, तो हात आखडता घेतो, आणि मागणी घटल्याने डॉलर भाव खाली सरकतो. किती सरकतो हे ठरलेले नसते, आणि तो किती सरकतो यावरच आपल्या फळ्यावरचा आकडा अवलंबून असतो.

मार्च ते सप्टेंबर २०२२: एकाच सोन्याचे दोन प्रवास

युक्रेनचे युद्ध नुकतेच पेटले असताना, ८ मार्च २०२२ च्या सुमारास, सोने औंसाला साधारण २,०४० डॉलरवर होते. २८ सप्टेंबरच्या आसपास ते १,६३० डॉलरपर्यंत आले. घसरण वीस टक्क्यांची. मावशींचा "पाचवा हिस्सा" तो हाच.

मधल्या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, महागाई आटोक्यात आणण्यासाठी आपला व्याजदर जवळजवळ शून्यावरून तीन ते सव्वातीन टक्क्यांपर्यंत नेला होता. डॉलरमध्ये पैसा ठेवला तर चांगले व्याज मिळू लागले, म्हणून जगभरचा पैसा डॉलरकडे वळला आणि डॉलर वीस वर्षांत दिसला नव्हता इतका वर गेला.

त्याच वेळी जपानमध्ये काय झाले ते पाहा. मार्चमध्ये एका डॉलरला साधारण ११५.५ येन पडत होते, सप्टेंबरअखेर १४४.५ पडू लागले. हिशेब केला तर मार्चमध्ये एक ग्रॅम सोने साधारण ७,५७५ येनला होते आणि सप्टेंबरमध्येही जवळजवळ तेवढ्यालाच होते. टीव्हीवर सोने कोसळत असताना तोक्योतल्या ग्राहकाच्या दृष्टीने ते जागचे हललेही नव्हते. डॉलरात जेवढे पडले, तेवढे येनच्या घसरणीने भरून निघाले.

आता कोल्हापूर. मार्चमध्ये डॉलर ७६.९ रुपयांच्या आसपास होता. २,०४० डॉलरच्या औंसाचा दहा ग्रॅमला मूळ भाव निघतो ५०,४३७ रुपये. तेव्हाचे सारे मिळून आयात शुल्क १०.७५ टक्के होते. ते चढवले की ५५,८५९. सप्टेंबरअखेर डॉलर ८१.९ रुपयांवर गेला होता. १,६३० डॉलरच्या औंसाचा मूळ भाव निघतो ४२,९२० रुपये, आणि तोवर १५ टक्क्यांवर गेलेले शुल्क चढवले की ४९,३५८. त्या दिवसांत बाजारात शुद्ध सोन्याचा जीएसटीविना जो भाव चालू होता, त्याच्या हा हिशेब अगदी जवळ जातो. घसरण साडेसहा हजार रुपयांची, म्हणजे बारा टक्क्यांच्याही किंचित आत.

पावणेपाच हजार कुठे गेले

समजा रुपया ७६.९ वरच थांबला असता आणि शुल्कही जुनेच राहिले असते. मग सप्टेंबरमध्ये दहा ग्रॅम सोने सुमारे ४४,६३० रुपयांना मिळायला हवे होते, म्हणजे मार्चपेक्षा सव्वाअकरा हजारांनी स्वस्त. प्रत्यक्षात साडेसहा हजारांचीच स्वस्ताई गुजरीपर्यंत पोहोचली. राहिलेले सुमारे पावणेपाच हजार वाटेत मुरले.

त्यातला मोठा वाटा रुपयाच्या घसरणीचा आहे. प्रत्येक डॉलरसाठी पाच रुपये जादा मोजावे लागले, आणि दहा ग्रॅम सोन्याला त्या वेळी ५२४ डॉलर लागत होते. ५२४ गुणिले पाच, म्हणजे सव्वीसशे रुपयांच्या घरात. त्यावरचे जुन्या दराचे शुल्क धरले तर एकोणतीसशे. उरलेले अठराशे रुपये वाढीव शुल्काचे.

हे शुल्क डॉलरपासून अगदी वेगळे आहे, असेही नाही. सरकारने ते १ जुलै २०२२ पासून वाढवले, आणि कारण हेच होते की रुपया दबावाखाली असताना सोन्याच्या आयातीसाठी देशाबाहेर जाणारे डॉलर रोखायचे होते. म्हणजे बलवान डॉलरने मावशींच्या साजाला दोनदा हात लावला: एकदा थेट, विनिमय दरातून, आणि एकदा दिल्लीहून वळसा घालून. २०१३ मध्येही असेच घडले होते. रुपया ढासळत असताना शुल्क वर्षभरात चार टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेण्यात आले. माझ्या मते नवख्या ग्राहकाच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट ही दुसरी आहे. विनिमय दर रोज बातम्यांत असतो. शुल्काची अधिसूचना एका दिवसाची बातमी होते आणि नंतर ते मुकाट्याने भावात बसून राहते. उलट दिशेनेही तेच खरे आहे: २०२४ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हा जागतिक बाजारात काहीही विशेष घडलेले नसताना गुजरीतला भाव झटक्यात हजारोंनी उतरला होता.

"डॉलर वाढला की सोने पडतेच, असा नियम नाही का?"

कल आहे, नियम नाही. २०२२ मध्ये डॉलर चढणे आणि सोने पडणे या दोन्ही गोष्टींचा उगम एकच होता: अमेरिकेतले वाढते व्याज. सोने तिजोरीत ठेवले तर व्याज देत नाही, त्यामुळे ठेवीवर व्याज वाढले की सोने धरून ठेवणे अनेकांना परवडत नाही. म्हणजे दरवेळी डॉलर सोन्याला खाली ढकलत असतो असे नाही. पुष्कळदा तिसराच कोणी एकाला वर आणि दुसऱ्याला खाली लोटत असतो.

मूळ कारण वेगळे असेल तर दोघे हातात हात घालूनही चढतात. २०१० च्या पूर्वार्धात ग्रीसच्या कर्जाचे संकट उभे राहिले आणि युरोची पत डळमळली. घाबरलेला पैसा युरोतून निघाला. काही डॉलरमध्ये गेला, काही सोन्यात. डॉलरही वाढला आणि सोन्याचा डॉलर भावही. अशा काळात रुपयातही सोने महागच होण्याचा संभव अधिक, कारण गुणाकारातले दोन्ही आकडे एकाच दिशेने जातात. "डॉलर मजबूत, सोने स्वस्त" एवढीच ओळ पाठ केलेला माणूस नेमका अशाच वेळी फसतो.

"डॉलर महागला, तर आपल्याकडे भाव चढायलाच हवा होता, उतरला का?"

कारण दोन टक्केवारींची ओढाताण असते. मार्च ते सप्टेंबर २०२२ मध्ये सोने डॉलरात वीस टक्क्यांनी पडले, तर डॉलर रुपयात साडेसहा टक्क्यांनीच चढला. मोठी ओढ जिंकली आणि भाव उतरला, पण पूर्ण उतरला नाही. जपानमध्ये दोन्ही ओढी सारख्या ठरल्या. तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याज शून्याजवळच ठेवले होते, त्यामुळे येन फार घसरला. आपल्या रिझर्व्ह बँकेने व्याजही वाढवले आणि साठ्यातले डॉलर विकून रुपयाची घसरण सावरूनही धरली.

तिसरी शक्यताही घडून गेलेली आहे. सप्टेंबर २०११ मध्ये सोने औंसाला १,९०० डॉलरच्या उंबरठ्यावर होते आणि डॉलर सुमारे ४६ रुपयांना. दहा ग्रॅमचा मूळ भाव २८,००० रुपयांच्या आसपास निघतो. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस सोने सुमारे १,४१५ डॉलरवर आले होते, म्हणजे पाव हिस्सा गेला होता. पण डॉलर ६८ रुपयांवर पोहोचला होता. मूळ भाव निघतो ३०,९०० रुपये, आणि दहा टक्के शुल्क धरून ३४,०००. जगात सोने पडलेले, आणि आपल्याकडे त्या वेळपर्यंतच्या उच्चांकावर. त्या वर्षी लग्नघरांत भावावरून जी हळहळ चालली होती, ती सोन्यापेक्षा रुपयाबद्दलची होती, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल.

"सराफाकडचे सोने तर जुन्या डॉलरने घेतलेले, मग आजचा भाव का?"

ही तक्रार मी गुजरीत नेहमी ऐकतो, आणि ती वरवर पाहता रास्त वाटते. तिचे उत्तर पेढीच्या रोजच्या व्यवहारात आहे. दिवसभरात समजा शंभर ग्रॅमचे दागिने विकले गेले, तर बरेच सराफ संध्याकाळपर्यंत तेवढेच चोख सोने घाऊक व्यापाऱ्याकडून घेऊन वजन पुन्हा जुळवतात. ते सोने त्यांना आजच्या डॉलरने पडते. कालच्या भावाने विकून आजच्या भावाने भरले, तर वजन पूर्ण भरणार नाही. भाव उतरतो तेव्हा याच न्यायाने त्यांना जुने महाग सोने नव्या स्वस्त भावाने विकावे लागते. मोड घेतानाही आजचाच भाव लागतो; वीस वर्षांपूर्वीच्या पाटल्या मोडीत देणारा कोणी "त्या वेळच्या डॉलरने धरा" म्हणत नाही.

मात्र फळ्यावरचा भाव आणि आपण कागदावर काढलेला भाव रुपयाला रुपया जुळेल, ही अपेक्षा ठेवू नये. सणासुदीला मागणी जोरात असली की घाऊक बाजारात आयातखर्चावर थोडे अधिमूल्य चढते, आणि मंदीत व्यापारी सवलतही देतात. शुल्काची आकारणीही रोजच्या भावावर होत नाही; सरकार साधारण पंधरवड्याने जे मूल्य जाहीर करते, त्यावर होते. फरक शे-दोनशेचा किंवा काही वेळा त्याहून थोडा अधिक असेल तर त्याचे कारण यातच सापडते. हजारांत असेल, तर आधी कॅरट तपासावा. बावीस कॅरटचा भाव चोख सोन्याच्या ९१.६ टक्के असतो, आणि दोन दुकानांच्या तुलनेत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो.

"मग डॉलर घसरला की इथे स्वस्ताई येईल का?"

आधी विचारावे लागेल की डॉलर कोणासमोर घसरला. बातम्यांतला 'डॉलर निर्देशांक' सहा चलनांशी तुलना करून काढतात: युरो, येन, पौंड, कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्वित्झर्लंडचा फ्रँक. त्यात एकट्या युरोचे वजन निम्म्याहून जास्त आहे आणि रुपया मुळीच नाही. त्यामुळे निर्देशांक एकीकडे आणि रुपया भलतीकडे, असे होऊ शकते. २०२५ मध्ये तसेच झाले. डॉलर युरोसमोर बराच उतरला, पण रुपयासमोर मात्र वर्षाच्या सुरुवातीच्या पंच्याऐंशी-शहाऐंशीवरून अखेरीस नव्वदीच्या आसपास गेला. सोने त्या वर्षी डॉलरातच मुसंडी मारत होते. युरोत खरेदी करणाऱ्याला मिळाली तशी घसरत्या डॉलरची उशी आपल्याला मिळाली नाही. उलट रुपयाची घसरण त्यावर चढली.

नवरात्रातल्या त्या दिवशी मावशींना मी यातले फारसे सांगू शकलो नव्हतो. एका जुन्या बिलाच्या पाठीवर दोन गुणाकार करून दाखवले तेवढेच. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि विचारले, "मग ह्यो डॉलरचा आकडा मला कुठं बघायला मिळंल?" सराफांनी भिंतीवरच्या टीव्हीच्या पट्टीकडे बोट केले. सोन्याच्या ठळक आकड्यानंतर, सेन्सेक्स आणि कच्चे तेल सरकून गेल्यावर, रुपया-डॉलर बारीक अक्षरांत येत होता आणि वाचून होईपर्यंत जात होता. मावशी तो पुन्हा यायची वाट पाहत थांबल्या.